नळ नाही, निचरा नाही : वॉशिंग मशीनसाठी बिल्डरला लिहायचा मेल

नव्या फ्लॅटचा ताबा घेताना लोक फरशी ठोकून बघतात, खिडक्या सरकवून बघतात, फ्लश चालवून बघतात. ड्राय बाल्कनीत मात्र कोणी फारसं रेंगाळत नाही, कारण तिथे बघायला काहीच नसतं. मग सामान येतं, वॉशिंग मशीन येतं आणि ते बसवायला आलेला कंपनीचा माणूस विचारतो, "इनलेट कुठे आहे? पाणी सोडायचं कुठे?" भिंतीवर विजेचा पॉइंट असतो. नळ नसतो, आणि सांडपाणी जाईल असं तोंडही नसतं.

अशा वेळी पहिला फोन साइट इंजिनिअरला जातो. तो चांगला माणूस असला तर दोन दिवसांत प्लंबर पाठवतो. प्लंबर सर्वांत जवळच्या पाइपमधून नळ काढून देतो, मशीनची होज बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या जाळीत सोडतो आणि जातो. काम झालं असं वाटतं. खरी अडचण इथूनच सुरू होते. म्हणून बिल्डरला मेल लिहिताना काय राहिलं आहे एवढंच लिहून भागत नाही. ते कुठून जोडायचं आणि कुठे सोडायचं, हेही त्यात लिहावं लागतं.

कल्पनेतलं एक घर डोळ्यांसमोर ठेवू. पुण्याच्या पश्चिमेकडची बारा मजली इमारत, सातव्या मजल्यावरचा टू बीएचके, किचनला लागून चार फूट बाय सात फुटांची ड्राय बाल्कनी. कोपऱ्यात एक जाळी आहे. भिंतीपलीकडे किचनचं सिंक आहे. घरच्यांनी फ्रंट लोड मशीन घेतलं आहे.

सुरुवात जाळीपासून करायची. बाल्कनीतली प्रत्येक जाळी सांडपाण्याची नसते. पुष्कळ इमारतींत ती पावसाच्या पाण्याची असते. आत उडालेला पाऊस बाहेर जावा एवढ्यासाठी ती दिलेली असते, आणि तिचा पाइप थेट रेनवॉटरच्या उभ्या लाइनला जोडलेला असतो. ही लाइन पुढे पर्जन्यवाहिनीत किंवा जलपुनर्भरणाच्या खड्ड्यात जाते. त्यात रोज साबणाचं पाणी आणि कपड्यांचे तंतू सोडले तर खड्ड्यातला वाळू-खडीचा थर बुजत जातो आणि साबण जमिनीत मुरतो. अडचण फक्त खाली होत नाही. जोराच्या पावसात ही लाइन भरून वाहत असते, तेव्हा मशीनचं पाणी तिच्यात शिरायला जागा नसते. तळाकडच्या मजल्यांवर तर वरच्यांच्या मशीनचा फेस जाळीतून उलटा बाहेर येतो. शिवाय पावसाच्या जाळीखाली सहसा ट्रॅप नसतो. ट्रॅप म्हणजे पाइपचा तो वळलेला भाग, जिथे कायम थोडं पाणी साचून राहतं आणि खालचा वास व झुरळं वर येऊ देत नाही. चांगल्या ट्रॅपमध्ये हे पाणी साधारण 50 मिलिमीटर खोल असतं.

जाळी कशाची आहे हे घरच्या घरी ओळखता येतं. ती उचलून टॉर्च मारा. खाली पाणी साचलेलं दिसलं तर ट्रॅप आहे. कोरडं भोक दिसलं तर बहुधा पावसाची लाइन आहे. खात्री करायची असेल तर कोरड्या दिवशी बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ मिसळून ते जाळीत ओता आणि घरातल्या कुणाला तरी तळाशी उभं करा. निळं पाणी रेनवॉटरच्या चेंबरमध्ये उतरतं की सांडपाण्याच्या, हे लगेच कळतं. त्याचा फोटो काढून ठेवा, तो मेलला जोडायचा आहे.

आपल्या उदाहरणातली जाळी पावसाची निघाली असं धरू. आता कपाटातून करारनामा काढायचा. महाराष्ट्रातल्या रेराच्या नमुना करारनाम्यात 'अ‍ॅनेक्सर ई' नावाचं जोडपत्र असतं. फ्लॅटमध्ये काय काय दिलं जाईल त्याची यादी त्यात असते. तुमच्या करारनाम्यात त्याचं अक्षर वेगळं असू शकतं, पण यादी असते. तिच्यात प्लंबिंगखाली 'ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी पाणी व सांडपाण्याची सोय' अशा अर्थाचं वाक्य आहे का, ते शोधा. असलं तर बाजू भक्कम आहे. रेरा कायद्याच्या, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम 2016 च्या कलम 14(3) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष, कामाच्या दर्जातला दोष, सोयींमधली उणीव किंवा करारातलं न पाळलेलं बंधन निदर्शनास आणून दिलं, तर बिल्डरने ते 30 दिवसांत जादा पैसे न घेता दुरुस्त करायचं असतं. त्याने ते केलं नाही, तर ग्राहकाला योग्य भरपाई मागता येते. ताबा घेताना 'सर्व काही व्यवस्थित मिळाले' या छापील ओळीखाली सही केली म्हणून कायद्याने दिलेली ही पाच वर्षं संपत नाहीत.

करारनाम्यात ओळ नाही, पण माहितीपत्रकात आहे, किंवा सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीत मशीन मांडून नळ जोडून दाखवला होता, असंही होतं. जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं, तर कलम 12 त्याच्या मदतीला येतं. मात्र ही बाजू करारातल्या ओळीइतकी पक्की नसते, कारण नकाशातलं फर्निचर केवळ कल्पनेसाठी आहे अशी टीप बहुतेक माहितीपत्रकांत छापलेली असते. आणि कुठेच काही लिहिलेलं नसेल, तर मेलचा सूर तक्रारीचा नको, विनंतीचा हवा. तिथे कायद्याचं कलम लिहिलं तर उलट आपलीच बाजू लंगडी दिसते. अशा वेळी काम बिल्डरच्या प्लंबरकडून खर्च देऊन करून घेणं बरं, आणि त्यामागे कारण आहे. बाहेरच्या माणसाने बाल्कनीत छिन्नी लावली आणि पुढे खालच्या घरात ओल आली, की दोष वॉटरप्रूफिंगचा की तुमच्या तोडफोडीचा, हा वाद कधीच मिटत नाही. म्हणून करारात ओळ असो वा नसो, आधी मेल आणि मग छिन्नी.

आणखी एक गोष्ट लिहिण्याआधी ठरवायची असते. मशीन कोणतं आहे? फ्रंट लोड मशीनमध्ये पाणी बाहेर फेकणारा पंप असतो. त्याच्या होजचं टोक जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर ठेवावं लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. टोक जमिनीवर टाकलं तर पाणी आपोआप ओढलं जातं. मशीन भरत राहतं, पाणी निघून जात राहतं आणि कपडे भिजतच नाहीत. आपल्याकडची सेमी ऑटोमॅटिक मशीन आणि बरीच टॉप लोड मशीन याच्या उलट असतात. त्यांना पंप नसतो, पाणी उताराने बाहेर पडतं, म्हणून होज जमिनीलगतच लागते. ती उंचावर अडकवली तर टबमधलं पाणी निघतच नाही. सांडपाण्याचं तोंड भिंतीत अडीच-तीन फुटांवर मागायचं की फरशीत, हे यावर ठरतं. दोन्ही प्रकारांना चालेल असं हवं असेल, तर फरशीत ट्रॅप आणि त्यात वरून उतरणारा उभा पाइप मागावा. पुढे मशीन बदललं तरी अडत नाही.

आता मेल. फोनवरचं बोलणं हवेत विरतं आणि साइट इंजिनिअर बदलला की व्हॉट्सअ‍ॅपवरचा सगळा संवाद त्याच्याबरोबर जातो. मेल मात्र करारनाम्यात दिलेल्या कंपनीच्या पत्त्यावर तारखेसह पोचतो. साइट इंजिनिअरला त्याची प्रत जरूर पाठवा. आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाने असा मेल लिहावा :

विषय : फ्लॅट क्र. बी-702, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी पाण्याचा नळ व सांडपाण्याचा पॉइंट नसणे

महोदय,

वरील फ्लॅटचा ताबा आम्ही 12 मार्च 2025 रोजी घेतला. आमच्या नोंदणीकृत करारनाम्याच्या अ‍ॅनेक्सर ई मध्ये ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी पाणी व सांडपाण्याची सोय नमूद आहे. त्या पानाची प्रत जोडली आहे. प्रत्यक्षात तेथे केवळ विजेचा पॉइंट आहे. पाण्याचा नळ नाही आणि सांडपाण्याचा पॉइंटही नाही.

बाल्कनीच्या कोपऱ्यातील जाळी पावसाच्या पाण्याच्या लाइनला जोडलेली आहे. 5 एप्रिल रोजी रंगीत पाणी सोडून आम्ही याची खात्री केली असून फोटो सोबत आहेत. त्यामुळे या जाळीत मशीनचे पाणी सोडता येणार नाही.

कृपया पुढील काम करून द्यावे. किचन सिंकच्या वापराच्या पाण्याच्या लाइनमधून मशीनसाठी स्वतंत्र नळ काढावा. फ्लशिंगच्या लाइनमधून जोडणी करू नये. सांडपाण्यासाठी ट्रॅपसह 50 मिलिमीटरचा पाइप बसवून तो किचनच्या सांडपाण्याच्या उभ्या लाइनला योग्य उताराने जोडावा. बीम किंवा कॉलममध्ये भोक पाडू नये. भोकाची जागा आपल्या अभियंत्याने लेखी कळवावी. काम झाल्यावर त्या भागाचे वॉटरप्रूफिंग पूर्ववत करून चाचणी आमच्यासमोर घ्यावी.

रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ही उणीव 30 दिवसांत विनामूल्य दूर होणे अपेक्षित आहे. पाहणीसाठी आपले अभियंते कोणत्या दिवशी येतील, हे सात दिवसांत कळवावे. शनिवारी व रविवारी आम्ही दिवसभर घरी असतो.

आपले,
(दोन्ही खातेदारांची नावे, फ्लॅट क्रमांक, फोन)

मेल एवढाच. त्यात रागाचं एकही वाक्य नाही, आणि मनस्तापाची कहाणी नाही. बिल्डरच्या कार्यालयात हा मेल ज्याच्या टेबलावर जाईल, त्याला तो तसाच प्लंबिंगच्या ठेकेदाराकडे पाठवता यायला हवा. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर नावं दोघांची हवीत.

यातल्या फ्लशिंगच्या लाइनबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण ही चूक सहज होते आणि लवकर लक्षात येत नाही. मोठ्या संकुलांत सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प असतो आणि त्यातलं पाणी वेगळ्या पाइपने फ्लशच्या टाक्यांना पुरवलं जातं. ड्राय बाल्कनीची भिंत बाथरूमला लागून असली, तर प्लंबरला हाताशी येणारा पाइप तोच असू शकतो. नळ सुरू होतो, पाणी स्वच्छ दिसतं आणि घरातले कपडे त्यात धुतले जातात. हे पाणी कपडे धुण्यासाठी नसतंच. तपासणी सोपी आहे. किचनच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. मशीनचा नवा नळही बंद पडला तर जोडणी बरोबर आहे. तो वाहतच राहिला तर फ्लशचा व्हॉल्व्ह बंद करून पाहा. आता पाणी थांबलं, तर प्लंबरला त्याच दिवशी परत बोलवा.

नळ कोणताही चालत नाही, हेही लक्षात ठेवा. मशीनची होज पाऊण इंची आट्यांवर बसते, आणि घरातले नेहमीचे नळ अर्धा इंची असतात. बाजारात 'वॉशिंग मशीन कॉक' नावाचा वेगळा नळ मिळतो. त्याची एक बाजू अर्ध्या इंचाची आणि दुसरी पाऊण इंचाची असते. तो साधारण साडेतीन-चार फुटांवर असला की मशीन जागेवर असतानाही हाताने बंद करता येतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी दाबही बघावा. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब टाकी किती उंच आहे त्यावर ठरतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, असा हिशोब आहे. सातव्या मजल्यावर अडचण नसते. अगदी वरच्या मजल्यावर मात्र टाकी जेमतेम तीन-चार मीटर वर असते, तेवढा दाब काही मशीनना पुरत नाही आणि पडद्यावर पाणी येत नसल्याचा इशारा दिसतो. काही मशीनवर त्यासाठी IE अशी अक्षरं उमटतात. तिथे प्रेशर पंप लागतो आणि त्याची मागणीही मेलमध्येच करावी लागते.

आता बिल्डरकडून उत्तर येतं. बहुतेकदा ते असं असतं : जाळी दिलेलीच आहे, तिचा वापर करावा, पाण्याचा नळ काढून देऊ. निळ्या पाण्याचा फोटो इथे कामी येतो. दुसऱ्या मेलमध्ये वाद घालायची गरज नसते. ही जाळी पावसाच्या लाइनची आहे, तिच्यात सांडपाणी सोडा असं तुम्ही लेखी सांगत आहात का, एवढं एक वाक्य पुरतं. असं लेखी द्यायला कोणताही जबाबदार अभियंता धजावणार नाही.

दुसरं उत्तर असतं की होज लांबवून बाथरूममध्ये सोडा. हे मान्य करू नका. पंपाची ताकद ठरावीक असते, आणि होज किती लांबवता येते याची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. तिच्यापलीकडे गेलं की पाणी अर्धवट निघतं, पंप लवकर जातो आणि दारातून जाणारी होज रोज पायात येते.

तिसरं उत्तर खरं असू शकतं आणि ते नीट ऐकायला हवं. अभियंता म्हणतो, फरशीतून ट्रॅप द्यायचा तर स्लॅबला भोक पाडावं लागेल आणि पाइप खालच्या फ्लॅटच्या बाल्कनीच्या छताला लटकेल, त्यांची संमती हवी. बाल्कनीचा स्लॅब खाली घेऊन वर भराव घातलेला नसेल, तर त्याचं म्हणणं बरोबर आहे. अशा वेळी आपल्या उदाहरणातल्या घराला दुसरी वाट मोकळी आहे. त्यांचं मशीन फ्रंट लोड आहे, त्याला पंप आहे, तेव्हा सांडपाण्याचं तोंड भिंतीतच घ्यावं. अडीच फुटांवर उभ्या पाइपचं तोंड, त्याखाली ट्रॅप, आणि विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीतून भोक पाडून पाइप डक्टमधल्या किचनच्या लाइनला जोडायचा. उतार चार फुटांना साधारण सव्वा इंच. स्लॅबला हात लागत नाही, खालच्या शेजाऱ्यांकडे जावं लागत नाही. डक्टमध्ये पाइप जोडायचा असल्याने सोसायटी स्थापन झाली असेल, तर तिला मात्र पत्र द्यावं. पंप नसलेल्या मशीनला ही वाट उपयोगाची नाही. तिथे खालच्या शेजाऱ्यांशी बोलण्यावाचून किंवा मशीन उंच कट्ट्यावर ठेवण्यावाचून इलाज नसतो.

काम झाल्यावर सही करण्याआधी मशीन एकदा पूर्ण चालवा. पाणी बाहेर पडताना उभ्या पाइपच्या तोंडाशी उभे राहा. पाणी वर चढून सांडलं, तर पाइप अरुंद आहे किंवा उतार कमी आहे. त्याच वेळी किचनच्या सिंककडे नजर टाका. तिथे फेस वर आला तर जोडणी सिंकच्या ट्रॅपच्या अलीकडे झाली आहे, ती पुढे न्यायला सांगा. पुढचे दोन-तीन दिवस किचनच्या भिंतीवर आणि खालच्या घराच्या छतावर ओल दिसते का, ते पाहा. सगळं ठीक असेल तर तसा मेल बिल्डरला पाठवा. काम कोणत्या तारखेला, कुठून कसं झालं, हे त्यात लिहा. पुढे गळती झाली तर हा मेल लागतो.

30 दिवस उलटूनही काहीच झालं नाही, तर आधीच्या मेलच्या तारखा देऊन शेवटचा मेल करा आणि त्याची छापील प्रत स्पीड पोस्टने कंपनीच्या पत्त्यावर पाठवा. त्यानंतर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिचं शुल्क 5,000 रुपये आहे. आधी समेटाचा मार्ग हवा असेल तर महारेराचा सलोखा मंच आहे. तिथे ग्राहक संघटनांचे आणि विकासकांच्या संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसून तोडगा काढतात. एका नळासाठी आणि एका पाइपसाठी महारेरात जाणं अनेकांना जड वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे. मजल्यावरच्या सगळ्याच घरांत ही सोय राहिली असेल, तर प्रत्येकाने आपापल्या करारनाम्याच्या आधारे स्वतंत्र मेल पाठवावा. एकाच ठेकेदाराने केलेलं काम बहुधा सगळीकडे सारखंच राहिलेलं असतं, आणि बिल्डरलाही मग ते एकदाच, एकाच डक्टमधून करणं सोयीचं पडतं.

ज्यांचा करारनामा अजून नोंदवायचा आहे, त्यांनी त्याच्या जोडपत्रात एक वाक्य घालून घ्यावं : 'ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी वापराच्या पाण्याच्या लाइनमधून स्वतंत्र नळ आणि सांडपाण्याच्या लाइनला जोडलेला, ट्रॅपसह 50 मिलिमीटरचा निचरा पॉइंट देण्यात येईल.' प्लास्टर होण्याआधी हे काम बिल्डरला फार थोड्या खर्चात पडतं, तेव्हा नोंदणीच्या दिवसाआधीच ते मागून घ्या.